साइटवरच्या उन्हाच्या नोटिशीत नेमके काय लिहावे?

प्रश्न : चंद्रपूरजवळ शाळेच्या इमारतीचे काम चालू आहे. ४२ मजूर आहेत, त्यांत १५ बायका. ठेकेदाराने गेटवर ‘उन्हात काळजी घ्या, भरपूर पाणी प्या’ अशी नोटीस लावली आहे आणि तेवढे पुरे असे त्याचे म्हणणे आहे. मे महिन्यात दोन स्लॅब टाकायचे आहेत. विश्रांती किती द्यायची, पाणी किती ठेवायचे आणि माणसाला ऊन लागते आहे हे मुकादमाने कसे ओळखायचे, हे नोटिशीत कसे लिहू?

उत्तर :

सध्याच्या नोटिशीत खोटे काही नाही, पण ती चुकीच्या माणसाला उद्देशून लिहिलेली आहे. काळजी घ्या, असे ती मजुराला सांगते. मजूर उक्त्या कामावर असेल तर सावलीत बसलेली प्रत्येक पंधरा मिनिटे त्याच्या मजुरीतून जातात, आणि रोजावर असेल तर मुकादमाच्या नजरेसमोर एकट्याने उठून सावलीत जाऊन बसण्याचा त्याला संकोच वाटतो. म्हणजे ज्या विश्रांतीसाठी विचारावे लागते, ती विश्रांती बहुधा घेतलीच जात नाही. दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. उष्माघातात सर्वांत आधी मेंदू गोंधळतो, त्यामुळे आपल्याला काही होते आहे हे त्या माणसाला स्वतःला कळत नाही. म्हणून विदर्भातल्या साइटवर कामगारांचा डॉक्टर म्हणून जाताना मी नोटीस लिहून देतो ती मुकादम, सुपरवायझर आणि साइट इंजिनिअर यांना उद्देशून. कोणी, किती वाजता, काय करायचे, एवढेच तिच्यात असते.

ही नोटीस लागू कधी होते हे आधी ठरवावे, कारण पहिली पळवाट तिथेच असते. ‘हवामान खात्याने लाट जाहीर केली की वेळ बदलू’ असे ठेकेदार म्हणतो. मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश असून ते सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त असेल, किंवा सरासरी काहीही असली तरी पारा ४५ ला पोचला, तर उष्णतेची लाट धरली जाते. चंद्रपूरची मे महिन्यातली सरासरीच ४३ च्या आसपास असते. त्यामुळे तुमच्याकडे ४४ अंशांचा दिवस कागदोपत्री ‘लाट’ ठरत नाही आणि त्याच दिवशी सळई हाताला चटका देत असते. शिवाय हा आकडा सावलीतल्या, हवेशीर लाकडी पेटीतल्या तापमापकाचा असतो. उघड्या स्लॅबवर ऊन वरून लागते, तापलेल्या फळ्यांची आणि सळयांची धग खालून येते, आणि स्वतःच्या कष्टाने शरीरात उष्णता तयार होते ती वेगळीच. म्हणून नोटिशीत ‘लाट’ हा शब्द घालू नका. अंदाजातले कमाल तापमान ३८ झाले की पाण्याचे आणि विश्रांतीचे नियम लागू, ४१ झाले की दुपारचे काम बंद, असे दोन आकडे घाला. हे आकडे माझ्या अनुभवातून ठरवलेले आहेत आणि कोरड्या हवेच्या विदर्भासाठी आहेत. कोकणात किंवा गोव्यात ते चालणार नाहीत, कारण दमट हवेत घाम वाळत नाही आणि पारा बराच खाली असतानाही माणूस कोसळतो. खारघरला १६ एप्रिल २०२३ रोजी उघड्या मैदानावरच्या समारंभात उष्माघाताने माणसे दगावली, तेव्हा पारा चाळिशीच्या खालीच होता.

आता कामाच्या वेळा. दुपारी १२ ते ३ उन्हात जाणे टाळावे, असे सरकारी सूचनांत असते आणि ठेकेदार बरोबर ३ वाजता शिट्टी वाजवतो. डोक्यावरचे ऊन बाराच्या सुमारास सर्वांत तिखट असते हे खरे, पण हवा सर्वांत जास्त तापते ती साधारण ३ ते ४ च्या दरम्यान, आणि भिंती व जमीन तर त्यानंतरही बराच वेळ धग सोडत राहतात. म्हणजे ३ वाजता माणसांना वर चढवणे म्हणजे दिवसातल्या सर्वांत तापलेल्या हवेत चढवणे. माझा आग्रह सकाळी ५.३० ते ११ आणि संध्याकाळी ४ ते ६.३० असा असतो, आणि त्यातही ४ ते ५ या वेळात आतल्या बाजूचे, सावलीतले काम द्यावे. उजाडताच काम सुरू करायचे तर रात्रीचा स्वयंपाक आणि बायकांचे पाणी भरणे यांची घडी बसवावी लागते. ती बसवायला दोन-तीन दिवस लागतात, म्हणून पारा चढण्याची वाट न पाहता एप्रिलच्या सुरुवातीलाच वेळ बदलावी.

सकाळच्या पाळीत ८ वाजता अर्ध्या तासाची न्याहारी, मग ९.१५ ला आणि १०.१५ ला प्रत्येकी पंधरा मिनिटे, आणि संध्याकाळी ५ वाजता पंधरा मिनिटे. ही विश्रांती भरपगारी असावी, उक्त्या कामाचा दर ठरवतानाच ती धरावी, आणि मुख्य म्हणजे ती सर्वांनी एकाच वेळी घ्यावी. शिट्टी वाजली की मिक्सर बंद, सगळे खाली. एकाने काम चालू ठेवले की दुसऱ्याला बसवत नाही, हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की ‘ज्याला हवी त्याने घ्यावी’ अशी विश्रांती मी आता मान्यच करत नाही. पंधरा मिनिटे पुरतात की नाही, हे तपासायची सोपी रीत आहे. सावलीत बसल्या-बसल्या लगेच दोन-तीन जणांची नाडी अर्धा मिनिट मोजा. ठोके ५५ च्या वर, म्हणजे मिनिटाला ११० च्या वर असतील, तर पुढचा कामाचा टप्पा एक-तृतीयांशाने कमी करा, विश्रांती तेवढीच ठेवा. नाडी मोजायला मुकादम अर्ध्या तासात शिकतो, आणि मजूर अंगचोरपणा करतो आहे की खरोखर थकला आहे, हा वादही तिथेच मिटतो.

सावली म्हणजे पत्र्याची शेड नव्हे. दुपारी तापलेला पत्रा वरून चुलीसारखा भाजतो आणि शेड तीन बाजूंनी बंद असेल तर आत हवाही हलत नाही. झाड असेल तर उत्तम. नसेल तर उंच बांधलेली हिरवी जाळी आणि तिच्याखाली दीड-दोन हातांवर दुसरा थर, चारही बाजू मोकळ्या. तळमजल्याचा स्लॅब उतरला असेल तर त्याच्याखालची, वारा खेळणारी बाजू सर्वांत बरी. तुमच्याकडची हवा कोरडी असल्याने ओला गमछा मानेवर आणि डोक्यावर टाकणे फार उपयोगी पडते, म्हणून विसाव्याच्या जागी वापरायच्या पाण्याचे एक वेगळे पिंप ठेवा. नुसता पंखा मात्र ४२-४३ अंशांच्या हवेत गरम झोतच अंगावर सोडतो. अंग ओले असेल तरच त्याचा उपयोग.

दोन स्लॅबचा प्रश्न वेगळा आहे, कारण स्लॅब सुरू झाला की मध्ये थांबता येत नाही, थांबलो तर सांधा राहतो. म्हणून त्या दिवशी विश्रांतीचा नियम मोडला जातो, आणि मोडला जातो तोही दुपारी. याला उपाय दोनच. स्लॅब रात्री किंवा पहाटे ३ ला सुरू करा, म्हणजे ऊन चढायच्या आत तो संपेल, आणि त्यासाठी दिव्यांची सोय करा. आणि घमेल्याच्या साखळीसाठी दोन टोळ्या ठेवा, एक वर, एक सावलीत, दर ४० मिनिटांनी बदल. ठेकेदाराला माणसांच्या नावाने पटत नसेल तर काँक्रीटच्या नावाने पटवा. ४० अंशांच्या वरच्या हवेत काँक्रीट टाकण्यासाठी आयएस ७८६१ या मानकाचा पहिला भाग स्वतंत्र दक्षता सांगतो, कारण अशा हवेत काँक्रीट भराभर आवळते आणि वरचा थर तडकतो. माल वाचवण्यासाठी पहाटे काम करायला जो तयार होतो, त्याची माणसेही आपोआप वाचतात. त्याचा हेतू काय होता, याची चौकशी मी करत बसत नाही.

आता पाणी. ‘भरपूर’ हे माप नव्हे. उन्हात कष्टाचे काम करणाऱ्याने दर वीस मिनिटांनी एक पेला, म्हणजे साधारण २५० मिलिलीटर पाणी प्यावे. तासाला तीन पेले, पाऊण लीटर. आठ तासांच्या कामाचे ६ लीटर, आणि जेवताना व दुपारच्या विसाव्यात आणखी २ लीटर. ४२ माणसांना दिवसाला ३३६ लीटर, म्हणजे २० लीटरचे १७ जार. तुमच्या साइटवर आज किती जार येतात ते मोजून पाहा. मी जिथे विचारले तिथे ‘पाण्याची काही कमी नाही’ असेच उत्तर मिळाले आणि मोजल्यावर बहुतेक वेळा निम्मेही निघाले नाहीत. या हिशेबाला वरचीही मर्यादा आहे. तासाला दीड लीटरपेक्षा जास्त पाणी पिऊ नये, कारण नुसते पाणी ढोसत राहिल्याने रक्तातले मीठ उतरते आणि त्यातूनही डोकेदुखी, उलटी, गोंधळ अशी उन्हासारखीच लक्षणे दिसतात. थोडे-थोडे, पण न चुकता, हीच रीत. तहान लागेपर्यंत थांबायचे नाही, कारण तहान मागाहून येते.

पाणी किती आहे याइतकेच ते कुठे आहे हेही महत्त्वाचे. गेटजवळ जार उन्हात ठेवला तर दहा वाजता त्यातले पाणी चहाला आधण ठेवावे इतके गरम असते आणि ते कोणी पीत नाही. ओल्या गोणपाटात गुंडाळलेले दोन मोठे माठ किंवा रांजण सावलीत, आणि काम चालू असलेल्या मजल्यावर एक झाकणाची टाकी. पन्नास पावलांच्या पुढे पाणी असले की माणसे टाळाटाळ करतात. स्लॅबच्या दिवशी एका बिगाऱ्याला दुसरे काहीच काम देऊ नका, त्याने फक्त पाणी फिरवायचे. बांधकाम मजुरांसाठीच्या १९९६ च्या केंद्रीय कायद्याने पिण्याच्या पाण्याची जागा धुण्याच्या जागेपासून, मुतारीपासून आणि संडासापासून ६ मीटर दूर असावी आणि तिच्यावर मजुरांना समजेल अशा भाषेत पाटी असावी, अशी अट घातली होती. ती आपणही पाळावी. क्युरिंगच्या टाकीत आणि पिण्याच्या टाकीत एकच मग्गा बुडतो, हे दृश्य नवीन नाही, आणि मे महिन्यात एक जुलाब लागला की त्या माणसाची उन्हाशी लढण्याची ताकद निम्मी होते.

तुमच्या साइटवर १५ बायका आहेत, म्हणून हेही लिहितो. जिथे बायकांसाठी आडोशाचा, कडी लागणारा संडास नसतो, तिथे त्या सकाळपासून पाणीच पीत नाहीत. त्यांना ‘पाणी प्या’ असे सांगून काहीही होत नाही. एका साइटवर विहिरीचे थंड पाणी दहा पावलांवर होते आणि तरी सळया वाहणाऱ्या बायका दुपारी चक्कर येऊन बसत. संडासाला दार बसवल्यावर आठवड्याभरात तो प्रकार थांबला. संडासाचे दार हा माझ्या हिशेबी पाण्याच्या सोयीचाच भाग आहे.

मिठाबद्दल थोडक्यात. जो दोन वेळा पोटभर जेवतो त्याला पहिल्या दोन-तीन तासांना साधे पाणी पुरते. घाम सलग कित्येक तास गळत असेल तर ओआरएस द्यावे, पाकिटावर लिहिल्याप्रमाणे एका लीटरला एक पाकीट, कमी पाण्यात दाट करून नव्हे. पाकीट नसेल तर एक लीटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. हे चमचे चहाचे, पोह्यांचे नव्हेत. मीठ घातलेले पातळ ताक आणि पन्हे चालते. मिठाच्या गोळ्या देऊ नका. खिशात कांदा ठेवणाऱ्याला मी हटकत नाही, पण कांदा आहे म्हणून तो पाणी चुकवत असेल तर हटकतो.

आता ज्या माणसावर मुकादमाने सर्वांत जास्त नजर ठेवायची तो. तो म्हातारा किंवा अशक्त असेलच असे नाही. तो नवीन असतो, किंवा गावाहून परत आलेला असतो. उन्हात काम करायला शरीराला सरावाचा आठवडा-दोन आठवडे लागतो. सराव झालेल्याला घाम लवकर आणि जास्त येतो, घामातून मीठ कमी जाते आणि नाडी आटोक्यात राहते. हा सराव आठवड्याभराच्या सुट्टीत उतरू लागतो. म्हणून नव्या माणसाला पहिल्या दिवशी एक-पंचमांश काम आणि रोज तेवढीच वाढ, म्हणजे पूर्ण काम पाचव्या दिवशी. जुना माणूस आठवड्याहून जास्त सुट्टी घेऊन आला असेल तर पहिल्या दिवशी निम्मे, मग ६० टक्के, मग ८० टक्के आणि चौथ्या दिवशी पूर्ण. याच कारणाने मला नवतप्यापेक्षा मार्चअखेरच्या पहिल्या तापलेल्या आठवड्याची जास्त धास्ती वाटते, कारण तेव्हा सगळेच नवीन असतात.

एक प्रसंग सांगतो, कारण लक्षणांची यादी वाचून मुकादम विसरतो आणि हे ऐकले की विसरत नाही. एका साइटवर तिशीतला, धडधाकट, सळई बांधणारा कारागीर होता. बहिणीच्या लग्नासाठी बारा दिवस गावी जाऊन तो परत आला आणि दुसऱ्याच दिवशी पूर्ण कामाला लागला. त्या दिवशी पारा ४३ होता. जेवताना त्याने अर्धी भाकरी ठेवली. अडीचच्या सुमारास सोबत्यावर कारण नसताना खेकसला. त्यानंतर हातातला हुक दोनदा खाली पडला, आणि तीनच्या थोडे पुढे त्याने रोजच्या जोडीदाराला आपल्या भावाच्या नावाने हाक मारली. जोडीदार हसला. मुकादमाला वाटले, लग्नाची दारू अजून उतरली नाही. त्याला पत्र्याच्या शेडमध्ये ‘झोप काढ’ म्हणून निजवले. वीस मिनिटांनी पाहिले तेव्हा तो बरळत होता आणि अंग घामाने ओले, पण हात लावला तर भट्टीसारखे. मुकादमाने नंतर मला सांगितलेले वाक्य असे होते : ‘डॉक्टर, घाम येत होता, म्हणून म्हटलं ऊन लागलेलं नाही.’ रुग्णालयात शरीराचे तापमान ४१ च्या वर निघाले, लघवी काळ्या चहासारखी झाली होती आणि मूत्रपिंडे ताळ्यावर यायला दोन आठवड्यांहून जास्त लागले. तो वाचला, पण त्या वर्षी पुन्हा कामावर येऊ शकला नाही.

‘अंग कोरडे पडले तरच उष्माघात’ ही समजूत घरात, खाटेवर पडलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या उष्माघातातून आलेली आहे. कष्ट करताना होणाऱ्या उष्माघातात घाम चालू असू शकतो. म्हणून त्वचेवरून निदान करू नका, बोलण्यावरून आणि चालण्यावरून करा. विनाकारण चिडणे, प्रश्नाचे उत्तर भलतेच देणे, जीभ जड होणे, पाऊल अडखळणे, हातातली वस्तू पुन्हा-पुन्हा पडणे. शंका आली तर तीन प्रश्न विचारा : तुझे गाव कोणते, आज वार कोणता, सकाळी काय खाल्ले. उत्तर चुकले किंवा रेंगाळले तर तो उष्माघात समजायचा. दारूचा संशय असला तरीही उष्माघातच समजायचा, कारण प्यायलेल्या माणसाला तो अधिक सहज होतो आणि गार पाण्याने प्यायलेल्याचे काही बिघडत नाही.

याच्या अलीकडचा टप्पा म्हणजे उन्हाचा थकवा. डोके दुखते, मळमळते, भोवळ येते, घाम फार येतो, लघवी कमी आणि गडद होते, पण माणूस शुद्धीवर असतो आणि नीट बोलतो. त्याला सावलीत आडवा करा, पाय थोडे उंच करा, कपडे सैल करा, अंग ओले करा, घोट-घोट ओआरएस पाजा आणि जवळ कोणीतरी बसा. एकटे सोडू नका. अर्ध्या तासात सुधारणा नसेल, उलट्या थांबत नसतील किंवा बोलण्यात फरक पडला तर पुढची कृती. पोटऱ्यांत किंवा पोटात गोळे येणे हीसुद्धा त्या दिवसाचे काम थांबवण्याची खूण आहे, चोळून पुन्हा वर पाठवण्याची नव्हे.

पुढच्या कृतीत क्रम महत्त्वाचा आहे : एकाने १०८ ला फोन करायचा आणि त्याच क्षणी बाकीच्यांनी गार करायला सुरुवात करायची. गाडी येईपर्यंत वाट पाहणे हीच सर्वांत मोठी चूक. शरीर जितका वेळ ४० च्या वर राहते तितके नुकसान वाढते, म्हणून पहिल्या अर्ध्या तासात ताप उतरवणे हाच इलाज, आणि त्याचे साहित्य प्रत्येक साइटवर असते. ताडपत्री सावलीत पसरा, माणसाला कपडे उतरवून तिच्यावर ठेवा, चौघांनी कडा धरून तिची झोळी करा, आत क्युरिंगचे पाणी आणि असेल तेवढा बर्फ ओता आणि झोळी हलवत राहा म्हणजे पाणी अंगावर खेळते राहील. एकाने डोके वर धरायचे, तोंड पाण्याबाहेर आणि उलटी झाल्यास मान एका कुशीवर. ताडपत्री नसेल तर पाण्याच्या बादल्या अंगावर ओतत राहा, ओल्या चादरी दर दोन मिनिटांनी बदला आणि पुठ्ठ्याने जोरात वारा घाला. कुडकुडी भरली किंवा नीट बोलू लागला की पाणी थांबवा. बेशुद्ध किंवा गोंधळलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नका, ते फुप्फुसात जाते. पॅरासिटामॉल देऊ नका, हा ताप त्या गोळीने उतरणारा नव्हे. एका माणसाला मोठ्या रस्त्यावर उभे करा, कारण साइटचा पत्ता शोधण्यात गाडीचा वेळ जातो.

आता नोटीस. खालचा मजकूर मराठीत आणि हिंदीत मोठ्या अक्षरांत लिहा. तुमच्याकडे छत्तीसगड, मध्य प्रदेशची माणसे असतील आणि अनेकांना वाचता येत नसेल, म्हणून सोमवारी सकाळी मुकादमाने तो मोठ्याने वाचावा.

सूचना : उन्हातील काम

मुकादम व सुपरवायझर यांच्यासाठी. उद्याचे कमाल तापमान रोज संध्याकाळी ६ वाजता फळ्यावर लिहावे. ते ३८ अंश किंवा जास्त असल्यास खालील नियम लागू राहतील. ४१ अंश किंवा जास्त असल्यास सकाळी ११ ते दुपारी ४ उन्हातील काम पूर्ण बंद राहील आणि ४ ते ५ फक्त सावलीतील काम दिले जाईल.

शिट्टी ८, ९.१५, १०.१५ आणि ५ वाजता वाजेल. शिट्टी वाजताच सर्वांनी काम थांबवून सावलीत यावे. या वेळेची मजुरी कापली जाणार नाही. ही वेळ पाळण्याची जबाबदारी मुकादमाची आहे.

दर वीस मिनिटांनी एक पेला पाणी. रोज १७ जार येतील. सकाळी १० वाजता जार मोजून सुपरवायझर वहीत सही करेल. पाणी संपल्यास काम थांबेल.

नवीन आलेल्या आणि सुट्टीवरून परतलेल्या माणसाच्या मनगटाला पिवळी फीत राहील. त्याला ठरलेलेच काम द्यावे आणि त्याला एकटे ठेवू नये. ताप, जुलाब असल्यास, रात्री दारू घेतली असल्यास किंवा रक्तदाबाची अथवा मानसिक आजाराची गोळी चालू असल्यास सकाळीच मुकादमाला सांगावे. रोज बुडणार नाही, सावलीचे काम मिळेल.

जोडीदार असंबद्ध बोलत असेल, अडखळत असेल, विनाकारण चिडत असेल, तर लगेच ओरडून सांगावे. घाम येत असला तरी सांगावे. त्याला ताडपत्रीवर ठेवून पाण्याने गार करावे आणि १०८ ला फोन करावा. परवानगीसाठी थांबू नये.

नोटीस इथे संपते. तिच्याखाली साइटचा पूर्ण पत्ता, जवळची खूण आणि त्या दिवशी फोन कोण करणार त्याचे नाव लिहा. ताडपत्री, चार बादल्या, जुन्या चादरी आणि बर्फाची पेटी एका ठिकाणी ठेवून त्या जागेवर लाल खूण करा, आणि मेच्या आधी एकदा एखाद्या धट्ट्याकट्ट्या माणसाला ताडपत्रीत घालून सराव करा. पहिल्या वेळी सगळे हसतात आणि झोळी धरायला तीन मिनिटे लागतात. दुसऱ्या वेळी एक मिनिट पुरते.

शेवटचा मुद्दा नोटिशीत बसत नाही, पण तुम्हाला माहीत असावा. ज्याला उन्हाचा थकवा आला तो संध्याकाळी बरा दिसला तरी त्या दिवशी परत कामावर घेऊ नका, आणि दुसऱ्या दिवशी सावलीतलेच काम द्या. ज्याला उष्माघात झाला तो डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय उन्हात जाणार नाही, आणि परवानगीनंतरही त्याचा सराव पहिल्या दिवसापासून, एक-पंचमांश कामापासून सुरू होईल. त्याच्या मनगटाची पिवळी फीत मी त्या उन्हाळ्यात काढू देत नाही.